सूर्य उगवतो आहे, हे कळवल्याबद्दल आभारी आहे

माहितीपटाचे निवेदनलेखक महाशय यांस,



परवा टीव्हीवर आपला ऊसतोड मजुरांवरचा माहितीपट पाहिला. पडद्यावर सूर्य उगवला आणि आपण लगेच म्हणालात, 'सूर्य उगवतो आहे.' जीव भांड्यात पडला, नाहीतर मी त्याला भाकरीच समजलो असतो. मग बाईनं मोळी बांधली, तेव्हा 'ही बाई मोळी बांधते आहे.' गडी फळीवरून ट्रकवर चढला, तेव्हा तोही 'चढतो आहे.' मधेच मी कुकर बंद करायला उठलो, पण काही म्हणजे काही चुकलं नाही. आपण स्वयंपाकघरापर्यंत सगळं पोहोचवत होता.

आता त्या मोळीचंच बघा. दृश्य असेल दहा सेकंदांचं. शांतपणे वाचलं तर तेवढ्यात वीसेक शब्द मावतात. आपण ते मोळीच्या वर्णनावर उधळलेत. त्या जागी एवढंच म्हटलं असतं तर? 'मुकादमाच्या वहीत ही दोघं मिळून एकच कोयता. उचल हंगामाआधीच घेतली आहे.' अकरा शब्द. ती वही कॅमेऱ्यात आलेली नव्हती, आणि नवरा-बायकोचा हिशेब एका कोयत्यात होतो हे नुसतं बघून कुणालाही कळणार नाही. पण एकदा ते ऐकलं की तीच मोळी कमाईची दिसत नाही, फेडीची दिसू लागते. तेही मोळी उचलताना सांगायचं नाही. त्याआधी, रिकामा फड दिसत असताना सांगायचं. नजर बाईवर गेली की निवेदकानं गप्प बसावं.

अर्थ घालायचा म्हणजे विशेषणं पेरायची नव्हेत, हे मुद्दाम सांगतो, कारण 'हसऱ्या चेहऱ्यामागचं दुःख' आपल्या लेखणीत तयार असेलच. फ्रान्सच्या क्रिस मार्करनं १९५७च्या 'लेटर फ्रॉम सायबेरिया'त याची छान गंमत केली आहे. याकुत्स्क शहरातली बस, रस्ता सपाट करणारे मजूर, समोरून जाणारा एक माणूस, अशी तीच दृश्यं तो पुन्हा पुन्हा दाखवतो आणि दर वेळी निवेदन बदलतो: एकदा सोव्हिएत राजवटीची आरती, एकदा शिव्याशाप, एकदा तटस्थपणाचा आव. चित्र तेच, पण बघणाऱ्याला शहर निराळं दिसतं. म्हणजे निवेदनाच्या हातात केवढी ताकद असते बघा! म्हणून तर ते पडताळता येण्याजोगं हवं. कोयत्याचा हिशेब वहीत सापडतो, चेहऱ्यामागचं दुःख तिथे लिहिलेलं नसतं. आपण मात्र असल्या जोखमीत पडत नाही, सूर्यावरच भागवता.

शेवटी आपण चक्क चार सेकंद गप्प होता. मला वाटलं, टीव्ही बिघडला. तेवढ्यात उसावर पडणाऱ्या कोयत्याचा आवाज ऐकू आला, पहिल्यांदाच.

मग आपण म्हणालात, 'सूर्य मावळला.'

आपला,
डोळे शाबूत असलेला एक प्रेक्षक