ताबडतोब म्हणजे किती वाजता?

सरकारी दफ्तरात जन्मास येणाऱ्या असंख्य कागदांपैकी ज्याच्या कपाळी लाल शाईने ‘तत्काल’ असा शेरा उमटतो, तो कागद आपल्या जातभाईंमध्ये श्रेष्ठ गणला जातो. परंतु ज्या कारकुनास त्याची ताबेदारी करावयाची असते, त्यास तो एवढी एकच गोष्ट सांगत नाही, की हे काम किती वाजेपर्यंत व्हावयास हवे. पेन्शनच्या फायलीत अडकून बसलेला भोलारामाचा जीव नारदमुनींस शोधावयास लावणारे हरिशंकर परसाई जबलपूरच्या आमच्या याच नेपियर टाउनात राहत असत, त्यामुळे कागद रखडतो कसा, याचे शिक्षण या वस्तीस पुष्कळ झालेले आहे. कागद धावतो कसा आणि कोठवर, या विषयाकडे मात्र अद्याप कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही.

वास्तविक मुदत मोजण्याच्या शास्त्रात जबलपूरने कोणास हार जाण्याचे कारण नाही. १ नोव्हेंबर १९५६ पासून मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय येथेच बसते, आणि १९६३ च्या मुदतीच्या कायद्याने ज्या दिवसापासून मुदत मोजावयाची तो दिवस वगळावा, तसेच अखेरच्या दिवशी कोर्ट बंद असल्यास ते ज्या दिवशी उघडेल त्या दिवशी दावा दाखल करता यावा, इतक्या बारकाव्याची सोय करून ठेवलेली आहे. वादी-प्रतिवादींस लाभलेली ही कृपा कारकुनाच्या वाट्यास येत नाही, कारण त्याची मुदत कायद्यात नसून साहेबांच्या मुद्रेवर असते. केंद्रीय सचिवालयाच्या कार्यपद्धतीच्या नियमपुस्तिकेने निकडीचे ‘इमिजिएट’ आणि ‘प्रायॉरिटी’ असे दोनच शेरे मान्य केले आणि प्रकरण पुढे सरकेल तसतशी त्यांची फेरतपासणी व्हावी, अशीही आज्ञा केली. परंतु शेरा चढविण्याचा अधिकार प्रत्येकाने आपणहून घेतला आणि उतरविण्याची जबाबदारी कोणीच घेतली नाही, सबब ‘तत्काल’च्या डोक्यावर ‘अति तत्काल’ आणि त्याच्याही डोक्यावर ‘सर्वोच्च प्राथमिकता’ अशी उतरंड उभी राहिली. तारेच्या अमदानीत ‘एक्स्प्रेस’ तारेस साध्या तारेच्या दुप्पट आकार पडे, त्यामुळे घाई करणाऱ्यास आपली घाई खरी आहे काय, हे प्रथम आपल्याच खिशास विचारावे लागे. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली. लाल शाई मात्र सरकारी खर्चाने मिळते.

अशा कागदावर ‘कधीपर्यंत हवे?’ असे सरळ विचारावे, तर साहेबांच्या कानी ते ‘आज होणार नाही’ असे पडते. आणि ‘आजच लागेल काय?’ म्हणावे, तर त्यांच्या तातडीच्या सत्यतेविषयीच शंका घेतल्याचे पातक लागते. म्हणून मुरलेले बाबू वेळ कधीच विचारीत नाहीत. कागद येथून पुढे कोठे जाणार, एवढेच विचारतात. कागदाचा पुढला मुक्काम कळला की तास आपोआप कळतो, कारण साहेबांच्या सहीस, बारनिशीतील जावक क्रमांकास, बैठकीच्या फोल्डरास आणि भोपाळला निघणाऱ्या डाकेस प्रत्येकी आपापली वेळ असते. आमच्या प्रांतात तर हे गणित फारच सुगम आहे. कलेक्टर कचेरीत सोमवारी समय-सीमेची बैठक, जिला बडे बाबूंपासून शिपायापर्यंत सारे ‘टी.एल.’ म्हणतात, आणि मंगळवारी जनसुनवाई. गुरुवार-शुक्रवारी अवतीर्ण होणारी बहुतेक तातडी या दोन दिवसांचीच संतती असते.

आमच्या शेजारच्या एका तरुण कारकुनाचे उदाहरण येथे नमूद करण्याजोगे आहे. एका शुक्रवारी साडेअकरा वाजता त्याच्या टेबलावर प्रलंबित पेन्शन प्रकरणांची यादी मागविणारे पत्र येऊन पडले. शेरा ‘तत्काल’, वेळेचा उल्लेख नाही. त्याने प्रथम पत्राची जावक तारीख पाहिली. ती सोमवारची होती, म्हणजे चार दिवस हे पत्र वरच्याच कोणा टेबलावर निश्चिंत पहुडले होते आणि त्या विश्रांतीचे व्याज आता खालच्यांकडून वसूल व्हावयाचे होते. हे ज्ञान त्याने मनातच ठेवले, कारण अशा तारखा वाचून दाखविणाऱ्या कारकुनाच्या बदलीचे कागद, मला वाटते, सर्वांत जलद चालतात. मग रकाने आखून, पाच-सात नावे भरून, तो अर्धवट मसुदा हातात घेऊनच तो बडे बाबूंकडे गेला आणि म्हणाला, “बडे बाबू, यादी पाच वाजता साहेबांच्या टेबलावर ठेवतो. टी.एल.च्या फोल्डरात लावायची, की भोपाळच्या डाकेत द्यायची?”

या प्रश्नात कामास आरंभ झाल्याचा पुरावा हातात दिसतो, वेळ मागितलेली नसून दिलेली आहे, आणि विचारले आहे ते स्थळ. मनुष्यस्वभाव असा आहे की स्वतःहून वेळ सांगण्यास जो दिवसभर राजी होत नाही, तो दुसऱ्याने सांगितलेली वेळ दुरुस्त करण्यास क्षणाचाही विलंब लावीत नाही. बडे बाबू तत्काळ उद्गारले, “पाच? बैठक सोमवारचीच आहे हो, पण साहेब साडेतीनला सिहोऱ्याच्या दौऱ्यावर निघतात आणि सोमवारी थेट बैठकीलाच येतात. सही तीनच्या आत झाली पाहिजे.”

खरी मुदत अशी बाहेर आली, आणि ती देऊ केलेल्या वेळेहून दोन तास अलीकडची निघाली. तेथून त्याने उलटा हिशेब मांडला: तीनला सही, तर अडीचला यादी बडे बाबूंच्या नजरेखाली, त्यापूर्वी टंकन आणि सेवापुस्तकांशी रुजवात यांस पाऊण तास, म्हणजे मसुदा पावणेदोनला पुरा व्हावयास हवा. तेव्हा बारा वाजत आले होते. पावणेदोन तासांत नाव, निवृत्तीची तारीख आणि प्रकरण कोणत्या टेबलावर अडले हे तीन रकाने भरणे शक्य होते; प्रत्येक विलंबाचे सविस्तर कारण लिहिणे शक्य नव्हते. हे त्याने तेथेच उभ्या उभ्या सांगितले, आणि कारणांचा चौथा रकाना सोमवारी सकाळी जोडपत्र म्हणून मान्य करून घेतला. हेच वाक्य पावणेतीनला उच्चारले असते, तर त्यास सबब म्हणण्यात आले असते.

या विद्येसही मर्यादा आहे. काही तातडी अशी असते की तिचा पुढला मुक्काम बडे बाबूंसही ठाऊक नसतो. त्याच महिन्यात दुसऱ्या एका ‘अति तत्काल’ कागदाविषयी आमच्या शेजाऱ्याने तसाच प्रश्न केला, तेव्हा बडे बाबू प्रथमच गप्प झाले आणि साहेबांकडे गेले. साहेब हे स्वतः कधीकाळी खालच्या टेबलावरून वर आलेले असल्याने त्यांनी भोपाळला दूरध्वनी लावला आणि अत्यंत अदबीने म्हटले की माहिती उद्या दुपारच्या डाकेने रवाना करतो, ती थेट सचिवांकडे जावी की संचालनालयामार्फत? पलीकडून काही क्षण कागद चाळल्याचा आवाज आला, आणि मग उत्तर आले की ते आम्ही वर विचारून कळवू, पण तोवर आपण ताबडतोब पाठवा.