दिवाणाखालची पूड

भिलाईच्या कारखान्यात पोलादात हयात घालवलेल्या माणसाला लाकडातलं काही कळत नाही, याबद्दल कुणी दोष देत नाही. मला मात्र कळतं असं वाटत होतं. स्मृति नगरच्या घरात वडिलांच्या सागवानी दिवाणाखाली मैद्यासारखी बारीक पूड दिसली आणि मी जागेवर निकाल दिला: वाळवी!

"अहो, पण मातीची रेघ कुठेच दिसत नाही," बायको म्हणाली.

"ती आतून येते," मी म्हटलं.

मग उपायही शास्त्रशुद्ध केला. भिंत आणि फरशीच्या सांध्यात फूटभर अंतरानं भोकं पाडून घेतली. वीस टक्क्यांच्या एक लिटर क्लोरपायरिफॉसमध्ये 19 लिटर पाणी घातलं आणि प्रत्येक भोकात लिटरभर ओतलं. वाळवी जमिनीतून येते, म्हणून तिची वाट जमिनीतच अडवायची असते. उपचार बिनचूक होता, रोग तेवढा दुसरा होता. वासानं बिऱ्हाड दुर्गला मेहुण्याकडे हललं. परतलो तर दिवाणाखाली ताज्या पुडीचा ढीग!

शेवटी मिस्त्रीला बोलावलं. त्यानं दिवाण उलटा केला आणि पेचकस टोचला. "साहब, ये दीमक नहीं, घुन है."

वाळवी लागली असती, तर वरचा पातळ पापुद्रा फुटून आत माती भरलेली निघाली असती. ती खाली पूड सांडत नाही. इथे टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं होती आणि टिचकी मारली की त्यांतून पूड गळत होती. हा भुंग्याचा कारभार. अळी महिनोन्‌महिने आत लाकूड खाते आणि भुंगा होऊन बाहेर पडते. म्हणजे भोक दिसतं ते तिच्या जाण्याचं. भोकं होती तीही फक्त फिकट पट्ट्यांत. सागाच्या गडद गाभ्याला हा भुंगा शिवत नाही, कडेच्या पांढऱ्या लाकडातला स्टार्च त्याला हवा असतो. ज्याला आम्ही आयुष्यभर 'अस्सल सागवान' म्हणत आलो, त्यात पांढरं लाकूड किती होतं, ते भुंग्यानं मोजून दाखवलं.

"मे महिन्याच्या उन्हात ठेवू या का?" मी विचारलं. अक्कल पाजळायची खोड जाते कुठे! पण अळी मारायची तर लाकूड आतपर्यंत 55 अंशांच्या आसपास तापायला हवं. अंगणातल्या उन्हाची खात्री नाही, आणि कारखान्याच्या भट्टीत दिवाण कोण घेणार?

मिस्त्रीनं लाकडासाठी मिळणारं तेलातलं कीडनाशक सुईनं भोकाभोकांत सोडलं. खालची, पॉलिश नसलेली बाजू ब्रशनं दोनदा भिजवली. पॉलिशमधून औषध मुरत नाही आणि भुंगा अंडी घालतो तीही उघड्या लाकडातच. खिडक्या उघड्या आणि गॅस बंद ठेवून वास जाऊ दिला. मग भोकं मेणानं बुजवली, म्हणजे नवं भोक पडलं तर लगेच कळेल. आत उरलेली एखादी अळी पुढच्या उन्हाळ्यातही बाहेर येऊ शकते, तेव्हा औषध पुन्हा लावावं लागेल.

तुमच्याकडे पूड दिसली, तर आधी पेचकस टोचून पाहा. माती निघाली तरच फरशीला हात लावा.