नाना कमांडोसारखे दिसत नाहीत

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं, त्यामुळे फौजेतून पेन्शनवर आलेल्या माणसाकडे कुणी वळूनही बघत नाही. नानांकडे मात्र बघतात आणि दर वेळी निराश होतात. नाना पॅरा एसएफमधून, म्हणजे पॅराशूट रेजिमेंटच्या स्पेशल फोर्सेसमधून, हवालदार होऊन निवृत्त झाले. उंची बेताची, गालफडं बसलेली, दंड माझ्यापेक्षा बारीक. सिनेमातला कमांडो बघून आलेली पोरं पारावर नानांना हुडकतात आणि हुडकून झाल्यावर विचारतात, "नाना कुठायत?"

नाना लग्नाला गेले तर दाराजवळ, भिंतीला पाठ लावून बसतात. पंगतीत पहिल्यांदा उठतात. एसटीत टेकले की मिनिटात घोरतात आणि आपला स्टॉप यायच्या आधी जागे होतात. खिशात सुई-दोरा, काडेपेटी आणि प्लास्टिकची पिशवी कायम. बढाई नाही, किस्से नाहीत. बटालियनचा नंबर विचारला तर "होती एक" एवढंच. मराठा लाइट इन्फन्ट्रीची एकविसावी बटालियन 1996 साली एसएफसाठी निवडली गेली आणि पुढे 21 पॅरा झाली. त्यावरून गावानं नानांची बटालियन परस्पर ठरवून टाकली आहे. नाना हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत.

याच्या बरोब्बर उलट आमचे सुभेदार आप्पा. भरघोस मिशा, खणखणीत आवाज, सगळी नोकरी मराठा लाइट इन्फन्ट्रीत. आप्पांनी बेळगावला कमांडो कोर्स केलेला आणि बटालियनच्या घातक प्लाटूनमध्ये ते होते. त्यामुळे 'आमच्या गावात दोन कमांडो' हे वाक्य ते दर पंधरा ऑगस्टला माइकवर म्हणतात. नाना त्यांच्याशी वाद घालत नाहीत, पण फरक मोठा आहे. घातक प्लाटून प्रत्येक पायदळ बटालियनची स्वतःची असते, साधारण वीस जणांची. हल्ल्यात ती पुढे घुसते, पण काम बटालियनचंच करते. आणि कमांडो कोर्स हा कोर्स असतो. तो संपला की माणूस आपल्या कंपनीत परत. पॅरा एसएफमध्ये माणूस बदली मागून जातो आणि तिथं राहायचं की नाही हे तीन महिने ठरत असतं. (टीव्हीवर काळ्या कपड्यांत दिसतात ते एनएसजीचे. ते खातंच गृहमंत्रालयाचं. पण हे पारावर समजावण्यात अर्थ नाही.)

या तीन महिन्यांना प्रोबेशन म्हणतात. भरतीची तयारी करणारी पोरं नानांकडे त्याचीच टिप मागायला येतात. नाना म्हणतात, "चपला काढ." मग ते तळपाय बघतात, दोन बोटांच्या मधली जागा बघतात, नखं बघतात. पोरगं ओशाळतं, कारण ते छाती फुगवून आलेलं असतं.

"नाना, पुलअप किती लागतात?"

"पुलअप मारणारे पयल्या हप्त्यात घरी जात्यात. मोजे किती हैत तुज्याकडं?"

यात चेष्टा थोडी आणि अनुभव जास्त. प्रोबेशनमध्ये पाठीवर पिट्ठू, हातात रायफल घेऊन वेळेत चालायचं असतं. आधी दहा किलोमीटर, मग वीस, तीस, चाळीस, आणि शेवटाकडे शंभराच्या घरातली मजल. ओल्या मोज्यात फोड येतो, फोड फुटतो, माणूस पाय वाकडा टाकतो, मग गुडघा जातो. नानांच्या हिशेबानं निम्मी माणसं तिथंच गळतात, आणि ती घाबरट नसतात. मध्ये एक छत्तीस तासांची परीक्षा येते. झोप नाही, खाणं नावापुरतं. ओंडके, पाण्याचे जेरीकॅन आणि स्ट्रेचरवर घातलेला धडधाकट जोडीदार उचलून न्यायचा. हे सगळं झाल्यावर, डोळे मिटत असताना, उस्ताद शांतपणे विचारतो की मघाशी टेबलावर कोणकोणत्या वस्तू होत्या.

"ह्यो कसला प्रश्न?" आप्पा दरवेळी म्हणतात.

"आप्पा, रात्रभर चालून जाऊन शत्रूच्या तोफा मोजायच्या आणि रेडिओवर चुकीचा आकडा सांगायचा, मग गेलाच कशाला माणूस?"

उस्ताद कुणाला हाकलत नाही. ट्रक उभा असतो, चहा तयार असतो. ज्याला नको असेल त्यानं तसं सांगायचं आणि आपल्या युनिटला परत जायचं. अधिकारी आणि जवान एकाच चिखलात, एकाच मापानं तपासले जातात. नाना म्हणतात, त्या दिवसांत सगळ्यांत अवघड गोष्ट म्हणजे तो चहा. टिकलेला माणूस मरून टोपी घालतो. पुढे आग्र्याला पॅराशूटच्या पाच उड्या, त्यातली एक रात्रीची. आणि मग खरं शिक्षण: कुणी स्फोटकं, कुणी रेडिओ, कुणी औषधोपचार, कुणी नकाशा. छोट्या टोळीत डॉक्टर मागून येत नाही. जखम बांधणारा त्या टोळीतलाच असावा लागतो.

एवढं ऐकल्यावर पोरांना वाटतं की कमांडो म्हणजे पायदळापेक्षा भारी. इथं नाना एरवी न दिसणाऱ्या जोरानं मान हलवतात आणि प्रशिक्षणात ऐकलेली एकच गोष्ट सांगतात.

1971 चा डिसेंबर, 13 आणि 14 मधली रात्र, जागा पूंछ भाग. शस्त्रसंधी रेषेपलीकडे मंढोल गावाजवळ पाकिस्तानच्या सहा तोफा होत्या, 122 मिलिमीटरच्या. 9 पॅरा कमांडोचे लोक अंधारात थंडगार पूंछ नदी ओलांडून आत गेले, तोफांवरच्या माणसांशी लढले, तोफांना सुरुंग लावले, उडवल्या आणि परत फिरले. तिथं थांबायचं नव्हतंच. थांबले असते तर सकाळी घेरले गेले असते. पाठीवरचा दारूगोळा संपला की अशा टोळीला मागून पुरवठा नाही, तोफखाना नाही, बदली यायला दुसरी कंपनी नाही.

त्याच रात्री त्याच भागात दारुचियनच्या टेकडीवर 14 ग्रेनेडियर्स चढत होती. त्यांना टेकडी घ्यायची होती आणि घेतल्यावर राखायची होती. सुरुंग, मशीनगन आणि समोर खंदकात बसलेला शत्रू. टेकडी मिळाली नाही, माणसं मात्र फार गेली.

"तोफा आम्ही उडवू," नाना म्हणतात, "टेकडीवर कोण बसणार? आठशे माणसांची बटालियन बसणार. बर्फात, पावसात, सहा-सहा म्हैने. आमाला तिथं बसवलं तर आमी आठवड्यात संपू."

हे ऐकताना आप्पांच्या मिशा थोड्या वर जातात. गोष्ट त्यांनी कितीदा तरी ऐकली आहे, तरी टेकडीशी येईपर्यंत ते उठत नाहीत.

गेल्या साली आप्पांचा पुतण्या मराठा लाइट इन्फन्ट्रीतून प्रोबेशनला गेला. सहाव्या आठवड्यात घोटा सुजला आणि तो परत आला. गावात दोन दिवस कुजबुज झाली. नानांनी त्याला घरी बोलावलं, घोटा दाबून बघितला आणि पारावर सगळ्यांदेखत सांगितलं की युनिटला परत येणं म्हणजे नापास होणं नव्हे, त्याचा नोकरीवर डाग लागत नाही. पोरगं आता आपल्या बटालियनच्या घातक प्लाटूनमध्ये आहे. पंधरा ऑगस्टला आप्पांनी माइकवर गावातले कमांडो तीन झाल्याचं जाहीर केलं. नानांनी तेही दुरुस्त केलं नाही.