सायबांना काय सांगू?

"भारी आहे हो तुमची वस्तू. सायबांना सांगतो." या दोन वाक्यांवर जितके सौदे मेले, तितके सरळ "नको" म्हटल्यावर मेले नसतील. "नको" ऐकलं की विकणारा पुढच्या दुकानाकडे तरी वळतो. "सायबांना सांगतो" ऐकणारा मात्र खूश होऊन नरसीमार्गे नांदेडला परत येतो, वहीत त्या नावापुढे बरोबरची खूण करतो आणि पुढचे तीन आठवडे "काय झालं हो?" असे फोन करत बसतो. सांगणारा माणूस खोटारडा असतो असं नाही. बहुतेक वेळा तो खरंच सांगतो, पण काय सांगतो ते ऐकायला आपण तिथे नसतो. आपण त्याला पाऊण तास समजावलेलं असतं, त्यातलं त्याच्या लक्षात राहतं ते इतकंच : "साहेब, एक मशीन आलंय. चांगलंय. थोडं महाग आहे." साहेब विचारतात, "केवढ्याला?" आकडा सांगितला की साहेब म्हणतात, "बघू." मराठवाड्यात या "बघू"ला मुदत नसते.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या बाजूचा जो माणूस वर जाऊन बोलणार आहे, त्याचं बोलणं आपणच लिहून द्यावं. माहितीपत्रक नको आणि कंपनीच्या इतिहासासकट तेवीस पानांची पीडीएफ तर नकोच. मोबाइलवर एका बोटात पुढे ढकलता येईल, बोट न सरकवता वाचून होईल आणि वाचताना तो स्वतःच बोलतोय असं वाटेल, असा सहा-सात ओळींचा मजकूर द्यावा. हा शोध कुठल्या व्यवस्थापनशास्त्राच्या पंडितानं लावला असं कुणाला वाटत असेल तर त्यानं बिलोलीच्या तहसील कचेरीत जाऊन कुठलीही फाइल उघडून बघावी. आपलं सरकारी काम याच युक्तीवर पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं आहे. खालचा लिपिक टिपणी लिहितो : विषय काय, आधी काय झालं, नियम काय म्हणतो, पैसा कुठल्या शीर्षाखाली आहे, आणि शेवटी "मान्यतेस्तव सादर". वरच्या माणसानं फक्त "मान्य" लिहून सही करायची. टिपणी कच्ची असली की समासात "चर्चा करावी" असा शेरा येतो आणि ती चर्चा कधी होत नाही हे त्या इमारतीतल्या चहावाल्यालाही ठाऊक असतं. सरकारी कारभाराला आपण हवं तितकं हसावं, पण वाचणाऱ्याला निर्णयासाठी जागचं उठावं लागू नये, ही त्यातली अक्कल कुणीही उचलावी अशी आहे.

आता एक प्रकरण धरून बघू. समजा, बिलोली तालुक्यात एक शेतकरी उत्पादक कंपनी सोयाबीन खरेदी करते आणि तुम्ही धान्याचा ओलावा मोजणारं यंत्र विकता. खरेदी केंद्रावर माल बघणारा जो पोरगा आहे, त्याला तुमचं मॉइश्चर मीटर आवडलं. आवडणारच, कारण सध्या तो दाणा मुठीत घेऊन, दाताखाली चावून ओलावा ठरवतो आणि हंगाम संपेपर्यंत त्याच्या दाढा आणि तोंडची भाषा दोन्ही बिघडतात. पण त्याच्या हातात यंत्र घ्यायचा अधिकार नाही. तो सीईओला सांगणार, सीईओ संचालक मंडळाला सांगणार, आणि कायद्यानं अशा कंपनीत किमान पाच आणि जास्तीत जास्त पंधरा संचालक असतात. म्हणजे तुमचं म्हणणं दोन उंबरठे ओलांडून निदान पाच जणांच्या कानांवर पडायचं आहे आणि त्यातल्या एकानंही तुम्हाला पाहिलेलं नाही.

त्या पोराला काय लिहून द्यायचं? सगळ्यात आधी हिशेब, तोही त्याला पाठ करता येईल असा. सोयाबीनच्या हमीभाव खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते. (२०२४च्या हंगामात ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली होती, पण सवलतीच्या भरवशावर यंत्र विकू नये.) १३ टक्के ओलाव्याच्या एक क्विंटल मालात कोरडा ऐवज ८७ किलो. तो माल वाळून १२ टक्क्यांवर आला की वजन भरतं ९८ किलो ८६४ ग्रॅम. म्हणजे क्विंटलमागे सव्वा किलोपेक्षा थोडं कमी वजन हवेत जातं आणि त्याचे पैसे आपण शेतकऱ्याला आधीच देऊन बसलेलो असतो. २०२५-२६चा हमीभाव ५,३२८ रुपये धरला तर क्विंटलमागे साठ रुपये, शंभर क्विंटलमागे सहा हजार. यंत्राची किंमत अठरा हजार धरू. तेव्हा मजकूर असा होईल :

"साहेब, आपण ओलावा दातानं बघतो. माल १२ टक्क्यांचा समजून १३ टक्क्यांचा घेतला गेला तर १०० क्विंटलमागे सुमारे ११४ किलो वजन वाळताना जातं, म्हणजे ६,००० रुपये. मीटर १८,००० रुपयांना, करासह. अशा ३०० क्विंटलवर पैसे निघतात. कधी चूक उलटीही होते, कोरडा माल ओला ठरतो. तेव्हा सभासदाचं नुकसान होतं आणि तो दुसरीकडे जातो. मीटरचा आकडा दोघांनाही समोर दिसतो. आठ दिवस केंद्रावर वापरून बघायला देतात, नाही पटलं तर परत. आपण हो म्हणालात तर सोमवारी मागवतो."

यात तुमच्या कंपनीची स्थापना कधी झाली हे नाही, यंत्राला बटणं किती हे नाही, "अत्याधुनिक" हा शब्द नाही. असता तर पोरानं तो खोडून पुढे पाठवला असता किंवा, त्याहून वाईट, काहीच पाठवलं नसतं. कारण "अत्याधुनिक तंत्रज्ञानयुक्त" असं काही बिलोलीतल्या पोरानं साहेबांना लिहिलं तर साहेबांना लगेच कळतं की हा माणूस विकणाऱ्याचा झालाय. शेवटच्या ओळीत प्रश्नचिन्ह नाही, तरी उत्तर मात्र एका शब्दात देता येतं, हेही बघा. "आपलं मत कळवावं" असं लिहिलं असतं तर साहेबांना मत बनवावं लागलं असतं, आणि हंगामात मत बनवायला वेळ कुणाला आहे?

सगळ्यात महत्त्वाची ओळ मात्र उलट्या चुकीची आहे आणि तीच विकणारे हमखास गाळतात. त्यांना वाटतं, आपल्या मालाची बाजू आपणच कशाला लंगडी करा? पण हा मजकूर शेवटी ज्या संचालकांसमोर जाणार आहे, ते स्वतः सोयाबीन पिकवतात आणि याच काट्यावर आणून घालतात. नुसतं "कंपनीचे सहा हजार वाचतील" असं ऐकलं की त्यांच्यातला एक जण डोळे बारीक करून विचारणार, "म्हणजे आमच्याच मालात खोट काढायला यंत्र आणताय होय?" तिथे ना तुम्ही आहात, ना तो पोरगा. सीईओ एकटा बसलेला, आणि त्याच्याजवळ उत्तर फक्त तुम्ही लिहून दिलं असेल तेवढंच. सभासदाचं नुकसानही वाचतं हे त्याच मजकुरात आधी येऊन गेलं असेल तर तो मान वर करून बोलतो, नाहीतर विषय "पुढच्या बैठकीत" जातो.

यावर जुने विक्रेते म्हणतात, हे सगळं कशाला, सरळ सीईओची गाठ घ्यावी ना! घ्यावी की. गाठ पडत असेल तर मजकुराची गरजच नाही. पण केंद्रावरच्या पोराला डावलून वर गेलात तर उद्या ते यंत्र त्याच पोराच्या हातात येणार आहे, आणि नावडत्या यंत्राचा आकडा कसा चुकवायचा हे त्याला शिकवावं लागत नाही. उन्हात तापलेला दाणा तसाच मीटरमध्ये घातला, किंवा पोत्याच्या तोंडाशी वाळलेला मूठभर माल मोजला, की आठ दिवसांत सिद्ध होतं की यंत्र भंगार आहे. म्हणून सीईओकडे जायचंच असेल तर पोराला घेऊन जावं, आणि मजकूर तरी आधी पाठवावाच, कारण तुम्ही उठून गेल्यावर संचालकांना सांगायचं काम सीईओलाच करायचं आहे.

दुसरी शंका जास्त खरी आहे : लेखी दिलेली किंमत फिरते. तुमचा अठरा हजारांचा आकडा संध्याकाळपर्यंत दुसऱ्या विक्रेत्याच्या मोबाइलवर पोचतो आणि तो साडेसतरा म्हणतो. हे होतं, नाकारण्यात अर्थ नाही. पण किंमत लपवल्यानं ते टळत नाही. कुठल्याही बऱ्या कंपनीत तीन कोटेशनं मागवायची रीत आहेच, तेव्हा आकडा तसाही उघडा पडणार. किंमत न लिहिलेला मजकूर मात्र साहेबांच्या पहिल्याच प्रश्नावर अडतो. जपायचं असेल तर सवलत जपावी. छापील भाव लिहावा आणि कमी करायची जागा भेटीसाठी राखून ठेवावी.

हा मजकूर सगळीकडे चालत नाही हेही सांगितलं पाहिजे. ज्याला वस्तू आवडलेलीच नाही, जो नुसता मराठवाडी भिडेनं "सांगतो" म्हणाला, त्याच्या हातात उत्तम टिपणी दिली तरी ती त्याच्या मोबाइलमध्येच राहते. ओळखायची खूण सोपी आहे. खरा इच्छुक मजकुरात हात घालतो. तो म्हणतो, "दातानं बघतो असं नका लिहू, साहेब चिडतील, अंदाजानं बघतो असं लिहा." किंवा फोन करून विचारतो, "आकडा ३०० क्विंटलच ना? आपण तर गेल्या साली तेवढा एका आठवड्यात घेतला." असा फोन आला की समजावं, मजकूर आता त्याचा झाला. नुसता अंगठ्याचा इमोजी आला तर वहीतली बरोबरची खूण पुसून टाकावी. आणि त्यानं बदल सुचवला तर भाषेच्या शुद्धीसाठी वाद घालू नये. साहेबांना कसं बोललेलं चालतं ते त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. आकडा मात्र बदलू देऊ नये. उत्साहाच्या भरात सहा हजारांचे साठ हजार झाले तर संचालकांपैकी कुणीतरी गुणाकार करणारा निघतोच आणि मग खोटं बोलल्याचं बालंट त्या बिचाऱ्या पोरावर येतं.

तेव्हा कुणाला यंदा खरंच ओलाव्याचं मीटर विकायचं असेल तर मजकूर पोळ्याच्या आधी पाठवा. सोयाबीन काट्यावर यायला लागलं की बिलोलीतला कुठलाही साहेब सहा ओळी वाचत नाही.