हातचं राखून मूर्ती ओळखावी कशी?

नवशिक्यांसाठी सोपी, जवळजवळ खात्रीची पद्धत

प्रत्येक सहलीत एक जण असा असतो की तो गाभाऱ्याकडे पाठ करून देवळाच्या भिंतीकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, "अभयमुद्रा. म्हणजे विष्णू." बाकीचे माना डोलावतात. तो माणूस कसं व्हावं, हे शिकवण्यासाठी ही पद्धत आहे. फक्त त्यातलं "म्हणजे विष्णू" जरा उशिरा कसं उच्चारावं, तेही इथे शिकवलं जाईल.

साहित्य : एक विजेरी, मान वर करून पाहण्याची तयारी आणि एक शंकेखोर मावशी. मावशी नसेल तर सुरुवातच करू नये. माना डोलावणाऱ्यांच्या सोबतीत मूर्तिशास्त्र कधीच पुढे जात नाही.

पायरी 1 : उजवा हात कोणाचा ते ठरवा

मूर्तीचा उजवा हात तुमच्या डाव्या बाजूला असतो. हे वाचून तुम्ही हसाल. भिंतीसमोर चार हातांची मूर्ती आली की मात्र हसू जाईल. मूर्तिशास्त्रात डावं-उजवं नेहमी देवाच्या बाजूने मोजतात, बघणाऱ्याच्या नव्हे. गोंधळ होऊ लागला तर मूर्तीकडे पाठ करून उभे राहा. लोक बघतील, बघू देत.

पायरी 2 : तळहात दिसला तरी नाव घेऊ नका

तळहात समोर, बोटं वर, ही अभयमुद्रा : भिऊ नकोस. तळहात समोर, बोटं खाली, ही वरदमुद्रा : माग काय हवं ते. एवढं पाठ झालं की नवशिक्याला दहा मिनिटं सर्वज्ञ असल्यासारखं वाटतं. अडचण अशी की अभय विष्णू देतो, शिव देतो, देवी देते, गणपती देतो आणि बुद्धही देतो. चौकातल्या पोलिसाने हात दाखवला की थांबायचं हे कळतं, त्याचं आडनाव कळत नाही. मुद्रेचं तसंच आहे. देव काय करतो आहे ते ती सांगते, तो कोण आहे ते नाही.

नुसत्या हातावरून नाव ठरवलं की काय होतं, ते वेरूळच्या दहाव्या लेण्यात दिसतं. तिथे बुद्ध पाय खाली सोडून सिंहासनावर बसला आहे. या बैठकीला प्रलंबपादासन म्हणतात. छातीपाशी आणलेल्या दोन्ही हातांची बोटं एकमेकांजवळ आहेत. ही धर्मचक्रमुद्रा, म्हणजे उपदेश चालू आहे. पण बौद्ध परंपरा तिथून गेल्यावर लेण्याला 'सुताराचं झोपडं' हे नाव पडलं आणि सुतार मंडळी त्या मूर्तीला विश्वकर्मा म्हणून पुजू लागली. हातांचा अर्थही लावला गेला : देवशिल्पी काम करत होता, बोटाला लागलं, म्हणून त्याने ते धरून ठेवलं आहे. त्या लेण्याचं छत दगडात कोरूनही लाकडी वाशांसारखं केलेलं आहे, तेव्हा सुतारांचं फारसं चुकलं असं म्हणवत नाही. लेण्याचं नाव आजही विश्वकर्माच आहे.

पायरी 3 : नजर खाली घ्या

हातांचा मोह आवरा आणि मूर्तीच्या पायाशी बघा. तिथे गरुड, नंदी, उंदीर, मोर, हंस यांपैकी कोणी बसलं असेल तर निम्मं काम झालं. मग डोक्याकडे जा. उभट टोपासारखा किरीटमुकुट असेल तर विष्णूकडे झुका, जटा वर बांधून केलेला जटामुकुट असेल तर शिवाकडे. आखूड कुरळे केस, माथ्यावर उंचवटा आणि अंगावर वस्त्राची कड असेल तर बुद्ध.

जैन तीर्थंकरांची एक खूण नवशिक्यांच्या फार उपयोगाची आहे : त्यांचे हात काहीच करत नाहीत. बसलेले असतील तर हात मांडीवर एकावर एक, उभे असतील तर दोन्ही बाजूंना सरळ सोडलेले. या उभं राहण्याला कायोत्सर्ग म्हणतात. तीर्थंकर अभय देत नाहीत, वर देत नाहीत, शस्त्र तर धरतच नाहीत. वेरूळला तीस ते चौतीस या लेण्यांमध्ये फिरताना "हा कोणती मुद्रा करतोय?" असं मावशीने विचारलं, तर "काहीच नाही" हे पूर्ण उत्तर आहे.

पायरी 4 : पाय वाचा

हातांपेक्षा पाय कमी खोटं बोलतात. एक पाय उंच गेलेला दिसला की नवशिका "नटराज!" म्हणून ओरडतो. थांबा, आणि जमिनीवरचा पाय बघा. नाचणाऱ्याचा गुडघा वाकलेला असतो. तो ताठ असेल आणि दुसरा पाय बाजूला थेट कमरेच्या वर फेकलेला असेल, तर तो तीन पावलांत विश्व मोजणारा त्रिविक्रम, म्हणजे विष्णू. बदामीला दोन्ही पाहायला मिळतात : पहिल्या लेण्याशी अठरा हातांचा नाचणारा शिव, आणि तिसऱ्या लेण्यात त्रिविक्रम. आधी हात मोजायला बसलात तर अठरापर्यंत पोचेपर्यंत मंडळी दुसऱ्या लेण्यात गेलेली असतील. गुडघा एका नजरेत दिसतो.

पायरी 5 : आता हात

आता हाताकडे वळायची परवानगी आहे. चार हातांच्या मूर्तीत पुढचे, म्हणजे खालचे दोन हात बहुतेकदा मुद्रा दाखवतात आणि मागचे, वरचे दोन वस्तू धरतात. वाचायचा क्रम मूर्तीच्या उजव्या खालच्या हातापासून : उजवा खालचा, उजवा वरचा, डावा वरचा, डावा खालचा. प्रदक्षिणेची दिशा.

हा क्रम म्हणजे शास्त्रकारांची हौस नव्हे. विष्णूच्या चोवीस मूर्तींमध्ये शंख, चक्र, गदा, पद्म हे चार जिन्नस तेच राहतात, फक्त हात बदलतात. चार वस्तू चार हातांत ठेवायच्या चोवीसच तऱ्हा होतात आणि प्रत्येक तऱ्हेला संध्येतल्या चोवीस नावांपैकी एक मिळालेलं आहे. 'रूपमंडन' या ग्रंथाप्रमाणे वरच्या क्रमाने पद्म, शंख, चक्र, गदा आले तर केशव. शंख आणि गदेची अदलाबदल करा, तर त्रिविक्रम, मग त्याचे दोन्ही पाय जमिनीवर का असेनात. ग्रंथाग्रंथांत थोडे फरक आहेत, म्हणून भांडण सुरू करण्यापूर्वी ग्रंथाचं नाव घ्यावं.

इथे या पद्धतीचा गाभा हाती लागतो. देव कोण, हे हातांच्या मुद्रा क्वचितच सांगतात. त्याच देवाचं कोणतं रूप, हे मात्र बहुतेक वेळा हातच सांगतात. तिरुपतीचा बालाजी आणि पंढरपूरचा विठोबा दोघेही विष्णूच. एकाचा खालचा उजवा हात वरद आणि डावा कमरेशी, दुसऱ्याला दोनच हात आणि दोन्ही कमरेवर. देव ठरल्यानंतरच हा फरक बोलू लागतो.

सराव : घारापुरी

सहाव्या शतकातल्या मुख्य लेण्यात उत्तरेच्या दाराने शिरा. दाराशीच उजव्या हाताला नाचणारा शिव आहे आणि समोरासमोर, डाव्या हाताला, एक बसलेली मूर्ती. दोन्हींचे हात तुटले आहेत. दगडातून पुढे आलेला भाग आधी मोडतो, आणि मुद्रा करणारे हात सगळ्यात पुढे असतात. ज्यावर नवशिक्याची सगळी भिस्त, तेच प्रथम जातं.

बसलेल्या मूर्तीपाशी थांबा. कमळावर मांडी, खाली झुकलेली नजर, शांत चेहरा. सहलीतला तो एक जण "बुद्ध!" म्हणून मोकळा होईल. तुम्ही पायऱ्यांनी जा. डोक्यावर कुरळे केस नाहीत, उंच जटामुकुट आहे. अंगावर चीवराची कड नाही. कमळाचा देठ खाली नागांनी धरला आहे, पण तो बुद्धाच्या कमळालाही असतो, म्हणून तो पुरावा बाजूला ठेवा. आता वर बघा. हंसावर ब्रह्मा आणि गरुडावर विष्णू दर्शनाला आले आहेत. हे दोघे पाहुणे असतील तर यजमान तिसरा. आतल्या गाभाऱ्यात शिवलिंग आहेच. एकही हात शाबूत नसताना तुम्ही शिवापर्यंत पोचलात.

आता मावशी विचारेल, "शिव खरा, पण कोणता?" इथे गाडी अडते. काही अभ्यासक त्याला योगीश्वर म्हणतात, ध्यानस्थ महायोगी. काही म्हणतात हा लकुलीश, म्हणजे पाशुपत पंथाचा आचार्य आणि शिवाचा अवतार. लकुलीशाची ठळक खूण म्हणजे डाव्या हातातला सोटा, लकुट. वेरूळच्या एकोणतिसाव्या लेण्यात, धुमार लेण्यात, अशीच नागांनी तोललेल्या कमळावर बसलेली मूर्ती आहे आणि तिच्या डाव्या हातात सोटा आहे. तिथे वाद उरत नाही. घारापुरीला तो हातच नाही. मांडीवर विसावला होता की सोटा धरून होता, हे ज्या कोपरापुढच्या दगडाने सांगितलं असतं तो गळून गेला.

म्हणून मावशीला उत्तर द्यायचं ते असं : "शिव, नक्की. योगीश्वर की लकुलीश, ते हात असता तर सांगितलं असतं." याने तुमचा भाव थोडा उतरेल. मावशी मात्र पुढच्या सहलीलाही तुमच्याच बाजूला चालेल, आणि "अभयमुद्रा, म्हणजे विष्णू" म्हणणाऱ्याला परस्पर विचारेल, "खाली गरुड कुठे आहे ते दाखव आधी."