‘मंदीर’ लिहिणारा चुकलेला नाही

पनवेलजवळच्या करंजाडेत एखाद्या नव्या गेटजवळ रंगारी ‘गणेश मंदीर’ अशी पाटी रंगवतो आणि कुणीतरी मास्तर थांबून त्याला पहिली वेलांटी द्यायला सांगतात. नियमानं मास्तर बरोबर आहेत, कानानं रंगारी. हा शब्द मोठ्यानं म्हणून पाहा. शेवटचं अक्षर अकारान्त असलं की त्याआधीची इ मराठी जीभ लांबवतेच. बहीण, जमीन, नवीन म्हणणारं तोंड तसंच ‘मंदीर’ही म्हणतं. वेलांटी पहिली राहिली ती शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला म्हणून. म्हणजे रंगाऱ्यानं पाटी लिहिण्याआधी शब्दाची वंशावळ काढायची!

मराठी साहित्य महामंडळाचे चौदा लेखननियम शासनानं १९६२ साली स्वीकारले आणि १९७२ साली त्यांत चार नियमांची भर पडली. या सुधारणेचं एक अंग घवघवीत यशस्वी झालं. नांव, पांच, कांहीं यांवरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. टिळकांच्या काळापासून त्यांवर कडाक्याची भांडणं झाली होती, पण आज त्या टिंबांसाठी कुणी हळहळत नाही. कारण सरळ आहे. प्रमाण बोलीतून ते नासिक्य उच्चार आधीच गेले होते आणि नियम पाळायला नवं काही शिकायचं नव्हतं, फक्त टिंब द्यायचं नव्हतं. जुळाऱ्याचं काम वाचलं, पोरांचे मार्क वाचले. ‘केलें’ आणि ‘केले’ यांतला फरक तेवढा बुडाला. मग ‘केलं’ लिहिताना टिंब परत आलं, पण आता ते नाकातल्या उच्चारासाठी नाही, शेवटचा अ लांबवण्यासाठी. तिकडे गोव्यात कोंकणी आजही ‘नांव’ लिहिते, कारण तिथल्या तोंडात तो अनुस्वार जिवंत आहे.

दुसरं अंग अर्ध्यावर अडकलं. शब्दाच्या शेवटी कानाचं ऐकलं गेलं आणि ‘कवि’चा ‘कवी’ झाला. समासात मात्र ‘कविसंमेलन’ ह्रस्वच राहिलं. उपान्त्य अक्षरात तर माघारच घेतली. ‘फूल’ दीर्घ आणि ‘फुलाला’ ह्रस्व, हे मराठी पोराला उच्चारावरून कळतं. ‘गूण’ही तो तसाच म्हणतो, पण लिहायचं ‘गुण’, कारण शब्द तत्सम. संस्कृत न शिकलेल्या मुलानं हे कशावरून ओळखायचं? तो पाठ करतो, विसरतो आणि मार्क घालवतो.

यावर ‘मग बोलतो तसं लिहू द्या’ असं म्हणणाऱ्यांना मी करंजाडेच्या शाळेत बसवीन. एका बाकावर ‘पानी’ आणि ‘डोला’ म्हणणारा आगरी मुलगा, शेजारी ‘ळ’चा ‘य’ करणाऱ्या जळगावकडच्या घरातली मुलगी. कुणाच्या तोंडानुसार लिहायचं? इथे एकच लेखन ठेवावं लागतं, नाहीतर एकाचं पुस्तक दुसऱ्याला परकं होईल. पण त्याच बाकावरची दोघंही ‘मंदीर’ बहुधा लांबच म्हणतील. बोली फुटतात तिथे सुधारणा हरते, बोली जुळतात तिथे ती टिकते. ‘ळ’ला हात लावू नका, वेलांटीला लावा.

खर्चाचा हिशेबही मांडला पाहिजे. सावरकरांनी ‘अि, अी, अु, अू’ अशी अ-ची बाराखडी सुचवली ती छापखान्यातले खिळे कमी व्हावेत म्हणून. ‘किर्लोस्कर’ मासिकानं ती वापरली. हिशेब पक्का होता, पण फायदा छापखान्याचा आणि त्रास वाचणाऱ्या प्रत्येक डोळ्याचा. शाळेनं ती बाराखडी शिकवली नाही, म्हणून ती तिथेच थांबली. आज खर्चाची जागा बदलली आहे. एका कागदावर ‘प्रविण’ आणि दुसऱ्यावर ‘प्रवीण’ असलेल्या माणसाला खिडकीवरून परत पाठवलं जातं. कोश, जुनी पुस्तकं, संगणकावरचा शोध हे सगळं ‘मंदिर’वर उभं आहे. शिवाय ‘मंदिर’ हिंदीतही असंच लिहितात, ही सोय फेकून देण्यासारखी नाही.

म्हणून ‘मंदिर’ पुसा असं मी म्हणत नाही. तत्सम शब्दांच्या उपान्त्य इ-उसाठी दोन्ही रूपं ग्राह्य धरा. पुस्तकात हवं तर जुनंच छापा, पण उत्तरपत्रिकेत ‘मंदीर’, ‘गूण’, ‘गणीत’ यांवर लाल रेघ ओढू नका. छापलेलं एकही पान बदलावं लागणार नाही, एकाही कोशाची आवृत्ती रद्दीत जाणार नाही. बदलावी लागेल ती परीक्षकांना दिली जाणारी सूचना, आणि तिला एक ओळ पुरते.