कन्नड सासुरवाडीचा मराठी जावई

कन्नड सासुरवाडी लाभलेला मराठी जावई हल्ली मुख्यतः बेंगळूरूच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत तयार होतो. सोलापूर, जत, गडहिंग्लजकडचा जावई या वर्गात धरत नाहीत; त्याच्या कानावर कन्नड लहानपणीच बाजारात पडलेली असते. अस्सल नमुना पुण्याचा किंवा डोंबिवलीचा. 'गोत्तिल्ला', म्हणजे 'माहीत नाही', एवढ्या भांडवलावर तो बोहल्यावर चढतो. क्रियापदं अवघड, म्हणून भाषेची सुरुवात लाडाच्या शब्दांपासून करावी असं त्याला वाटतं, आणि फजितीची सुरुवातही तिथूनच होते.

पहिला घोटाळा कानांचा, आणि त्यात बळी जातो तो त्याच्या आईचा. म्हैसूरच्या विहीणबाई बारशाला नातवाला उचलून 'बंगारा, बंगारा' करू लागतात. बंगार म्हणजे सोनं. आपल्या 'सोन्या'चाच हा कानडी अवतार. पण आईला ऐकू येतं 'भंगार'. जावई तिची समजूत घालतो न घालतो, तोच विहीणबाई बाळाला 'मरी' म्हणतात. कन्नडमध्ये मरी म्हणजे पिल्लू, मग ते मेंढीचं असो, कुत्र्याचं असो की पोटच्या पोरीचं. परंतु जिच्या माहेरी आषाढात मरीआईचा गाडा निघतो, त्या बाईला हे कसं पटावं? ती मुकाट्याने मीठ-मोहऱ्या शोधायला लागते.

दुसरा घोटाळा व्याकरणाचा असून तो केवळ हुशार जावयांच्या हातून होतो. हुशार मुलाला 'जाण' आणि हुशार मुलीला 'जाणे' म्हणतात, हे त्याने टिपून ठेवलेलं असतं. 'मुद्दु' म्हणजे गोड, लाडका, हेही त्याला ठाऊक असतं. तेव्हा लाडकी ती 'मुद्दे' असणार, असा नियम तो स्वतःच बसवतो आणि भर पंगतीत बायकोला 'मुद्दे' अशी प्रेमाने हाक मारतो. मुद्दे म्हणजे नाचणीच्या पिठाचा उकडलेला गोळा. म्हैसूर-मंड्या भागात तो सारूत बुडवून न चावता गिळतात. त्यामुळे पंगतीत कोणी रागावत नाही. सासूबाई लगबगीने येऊन त्याच्या पानात आणखी एक गोळा वाढतात. ज्याच्या पानात न मागता मुद्दे पडतो, त्याने आपलं व्याकरण तपासावं. 'मुद्दु' मुलगा-मुलगी दोघांनाही चालतं, त्याला शेपूट लावावं लागत नाही.

तिसरा घोटाळा नात्याचा. बायकोच्या थोरल्या बहिणीला तो मराठी रिवाजाने 'ताई' म्हणतो. कन्नडमध्ये 'तायि' म्हणजे आई. पस्तिशीतल्या मेहुणीला एका हाकेसरशी मातृपद मिळतं आणि पुढचे दोन दिवस ती त्याच्याशी इंग्रजीत बोलते. थोरल्या बहिणीला कन्नडमध्ये 'अक्का' म्हणतात. तो शब्द मराठीतही आहे, पण जावयाला तो जुनाट वाटलेला असतो. गोंधळात भर म्हणजे सासरे आपल्या लहान नातीलाही लाडाने 'तायि' म्हणतात. आपणही पोरीला 'आई गं माझी' म्हणतोच, हे जावयाच्या फार उशिरा ध्यानात येतं.

चौथा घोटाळा सर्वांत गंभीर, कारण त्यात एकही शब्द चुकीचा नसतो. लाडाची भाषा जावई घरात ऐकून शिकतो, आणि घरात लाड होतात ते लहान मुलाचे. 'बा' म्हणजे ये, 'कूत्को' म्हणजे बस, सगळं एकेरी. आदरार्थी रूपं 'बन्नि' आणि 'कूत्कोळ्ळि'. ती मुलाशी कोणी वापरत नाही, म्हणून जावयाच्या कानावर पडत नाहीत. सासरे फिरून आले की तो उठून उभा राहतो, खुर्ची पुढे करतो आणि अदबीने म्हणतो, 'बा, कूत्को.' देहबोली नमस्काराची आणि भाषा पाळण्यातल्या बाळाशी बोलायची. सासरे उभेच राहतात. उलट बायको त्याला हाक मारताना जो 'री' लावते, तो खरा आदराचा, आपल्या 'अहो'च्या तोडीचा. पण जावयाला तो 'रे' वाटतो आणि ही आपल्याला चारचौघांत अरे-तुरे करते, अशी तक्रार तो आईकडे करतो.

मुरलेला जावई दोन गोष्टींवरून ओळखावा. वडीलधाऱ्यांशी बोलताना तो लाडाच्या वाटेला जात नाही आणि प्रत्येक आज्ञार्थाच्या शेवटी 'इ' आहे ना, हे बोलण्याआधी मनात चाचपून पाहतो. बायकोसाठी तो 'चिन्ना' एवढा एकच शब्द राखतो. त्याचाही अर्थ सोनंच, आणि तो ऐकून त्याच्या आईला फार तर 'चिन्ह' आठवतं, त्यासाठी दृष्ट काढावी लागत नाही.